हाहा नेमका कोणाला हसतोय?

गणपती जवळ आले की कोकणातल्या प्रत्येक गावच्या फेसबुक पानावर एक बातमी हटकून येते: यंदा गणपतीआधी मुंबई-गोवा महामार्ग पूर्ण होणार. रुंदीकरणाचं काम २०११ पासून चालू आहे, त्यामुळे बातमीखाली काय होणार ते टाकणाऱ्यालाही ठाऊक असतं. पिवळे हसरे चेहरे धो धो पडतात आणि कोणीतरी लिहितो, "गणपतीआदी म्हणजे खयच्या वर्साच्या?"

त्याच आठवड्यात त्याच पानावर दुसरं काहीतरी येतं. गावातल्या पोरांनी केलेला व्हिडिओ, खचाखच भरलेल्या रेल्वेच्या डब्यात मखर सांभाळत उभा असलेला चाकरमानी. त्याखालीही हसरे चेहरेच. दोन्ही पोस्टवर 'हाहा' सगळ्यात वर आहे. मग दोन्ही लोकांना सारख्याच आवडल्या म्हणायच्या का?

अर्थातच नाही, पण हे आकड्यांवरून कसं ओळखायचं, ते पाहण्यासारखं आहे. एकट्या 'हाहा'ला अर्थच नसतो. तो शेजाऱ्यांवरून कळतो, आणि त्याचे शेजारी दोन: बदाम आणि रागाचा लाल चेहरा.

हिशोबापुरते आकडे घेऊ. महामार्गाच्या पोस्टवर हाहा २४८, बदाम ३२, राग १२०, मिळून ४००. चाकरमान्याच्या व्हिडिओवर हाहा १८६, बदाम १०८, राग ६, मिळून ३००. टक्केवारी काढली तर हाहा दोन्हीकडे बरोबर ६२. फरक उरलेल्या ३८ टक्क्यांत आहे. महामार्गाला बदाम ८ टक्के आणि राग ३० टक्के, तर व्हिडिओला बदाम ३६ आणि राग २. एका रागामागे किती बदाम, असं विचारलं तर व्हिडिओला १८ येतात आणि महामार्गाला पाव बदाम. पहिल्या पोस्टवरचं हसू रागाच्या पंगतीला बसलेलं आहे, म्हणजे ती टर आहे. दुसरीकडे ते मायेच्या पंगतीला आहे. एका माणसाला एका पोस्टवर एकच चिन्ह देता येतं, त्यामुळे ज्याने राग सोडून हाहा निवडला त्याने चिडण्याऐवजी खिल्ली उडवणं पसंत केलं, असा अंदाज बांधायला जागा राहते.

या हिशोबात मी अंगठा धरलेला नाही. ही चिन्हं २०१६ च्या फेब्रुवारीत जगभर आली तेव्हापासून अंगठा एका टिचकीत पडतो आणि बाकीच्यांसाठी बोट दाबून धरून निवड करावी लागते. त्यामुळे बराचसा अंगठा म्हणजे लग्नात दिलेली हजेरी: आलो, दिसलो, निघालो. त्याच्यावरून सूर कळत नाही. मात्र ५०० जणांनी हजेरी लावली आणि त्यावर ४०० जण बोट दाबून थांबले, तर विषय त्यांना भिडला होता एवढं नक्की.

आता ३० टक्के राग म्हणजे फार की थोडा? हे दुसऱ्या गावच्या पानाशी तुलना करून ठरवू नये. कुठे कायम भांडणंच चालतात, कुठे नुसते वाढदिवस. आपल्याच पानाच्या मागच्या तीसेक पोस्ट घ्याव्यात आणि तिथे या तिघांची नेहमीची वाटणी काय असते ते पाहावं. नेहमी राग १० टक्के असेल तर आजचे ३० म्हणजे तिप्पट. नेहमीच ३० असेल, तर आज विशेष काही घडलेलं नाही.

दुसरी फसगत थोड्या आकड्यांची. पोस्ट टाकून दहा मिनिटं होतात, २५ चिन्हं पडलेली असतात, त्यात १० राग, आणि पान चालवणारा घाबरून पोस्ट काढून टाकतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. इथे एक ढोबळ नियम उपयोगी पडतो. एकूण चिन्हांचं वर्गमूळ काढायचं आणि १०० ला त्याने भागायचं. जे उत्तर येईल तितके टक्के वरखाली होऊ शकतं असं धरायचं. ४०० चं वर्गमूळ २०, म्हणजे पाच टक्क्यांची सूट. २५ चं वर्गमूळ ५, म्हणजे तब्बल वीस टक्क्यांची. तो ४० टक्के राग प्रत्यक्षात २० टक्केही असू शकतो आणि ६० टक्केही. आणि हाही कमीत कमी अंदाज. कारण हा नियम प्रत्येकाने स्वतंत्रपणे मत दिलं असं मानतो, तर पोस्टखाली सर्वाधिक पडलेली चिन्हं आधीच दिसत असतात आणि माणूस गर्दीचा कल बघून बोट उचलतो.

म्हणून एकदाच न पाहता तीनदा पाहावं: तासाभराने, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी. पहिल्या तासात येतात ते पानाचे रोजचे लोक. पोस्ट कोणी दुसऱ्या गटात नेली की अनोळखी माणसं येतात आणि वाटणी अचानक बदलते. सकाळी बदाम आणि रात्री एकदम हाहा असं दिसलं, तर लोकांचं मत बदललं असं समजू नये. लोकच बदललेले असतात.

जुन्या आणि नव्या पोस्टची तुलना करताना आणखी एक भानगड आहे. फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली, त्यावरून कळलं की २०१७ पासून पोस्ट कोणापुढे किती न्यायची हे ठरवताना अशा चिन्हाला अंगठ्याच्या पाचपट वजन होतं, रागालाही. लोक चिडले की पोस्ट आणखी लोकांपुढे जायची आणि त्यातले आणखी काही चिडायचे. पुढे ते कमी होत २०२० मध्ये रागाचं वजन शून्यावर आणलं गेलं. त्यामुळे २०१८ मधला रागाचा ढीग आणि आजचा ढीग एका तराजूत घालता येत नाही.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट आकड्यांत मावत नाही, ती म्हणजे राग कोणावर. पर्यटकांनी किनाऱ्यावर गाडी घातली, चाकं वाळूत रुतली, भरती चढू लागली आणि गावातल्या एकाने ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली. अशा व्हिडिओवर समजा हाहा २२०, राग १९० आणि बदाम ९० पडले. एका रागामागे अर्धाही बदाम नाही. वरच्या हिशोबाने ही पोस्ट लोकांनी झिडकारली असंच म्हणावं लागेल.

इथे कमेंट वाचण्याला पर्याय नाही. चाळीस पुरतात, पण फेसबुक स्वतः वर आणून ठेवतं त्या नकोत, नाहीतर सगळ्यात गाजलेल्याच हाताला लागतात. वेळेप्रमाणे लावून सलग चाळीस घ्याव्यात आणि कागदावर तीन रकाने पाडावेत: पोस्ट टाकणाऱ्याबद्दल, पोस्टमधल्या कोणाबद्दल आणि भलत्याच विषयाबद्दल. गाडीच्या व्हिडिओवर हे केलं की पहिला रकाना जवळजवळ रिकामा राहतो. राग गाडीवाल्यावर, हसू गाडीवर आणि बदाम ट्रॅक्टरवाल्याला. महामार्गाच्या पोस्टवर मात्र पहिल्या रकान्यातही नोंदी पडतात: "तुम्हीपण दरवर्षी तीच बातमी टाकतास, जुनीच फिरवतास की काय?"