GST नोटिशीतले दोन फरक: विक्रीचा वेगळा, क्रेडिटचा वेगळा

छोट्या व्यापाऱ्याला रिटर्नमधल्या तफावतीबद्दल येणाऱ्या ASMT-10 नोटिशीत बहुतेक वेळा दोन आकडे एकाखाली एक असतात. पहिला विक्रीचा तपशील देणाऱ्या GSTR-1 आणि कर भरायच्या GSTR-3B मधला फरक, दुसरा पुरवठादारांनी कळवलेल्या बिलांवरून बनणाऱ्या GSTR-2B आणि GSTR-3B मधला. दोन्हींत 3B येत असल्यामुळे ते एकच प्रकरण वाटतं आणि एकाच परिच्छेदात "नजरचुकीने झाले" असं उत्तर जातं. तसं करू नका. पहिला फरक तुम्ही केलेल्या विक्रीवरच्या कराचा आहे आणि त्याचा पुरावा तुमच्याच दप्तरात असतो. दुसरा तुम्ही खरेदीवर घेतलेल्या क्रेडिटचा, म्हणजे खरेदीत दिलेल्या कराच्या वजावटीचा आहे आणि तो बराचसा पुरवठादाराने काय भरलं यावर ठरतो.

नाशिकमधलं एक काल्पनिक हार्डवेअर दुकान घेऊ. वर्ष 2023-24. GSTR-1 मध्ये कर 6,40,600 रुपये, 3B मध्ये भरलेला 6,10,000. फरक 30,600. खरेदीच्या बाजूला 2B मध्ये क्रेडिट 4,50,000, 3B मध्ये घेतलेलं 4,98,000. फरक 48,000.

आधी विक्री. महिन्यामहिन्याने दोन्ही रिटर्न समोरासमोर ठेवले की फरक कोणत्या महिन्यात उगवला ते कळतं. इथे दोन कारणं निघतात. 1 लाखाचं एक बिल ग्राहकाच्या GST नंबरावर टाकलं आणि तेच किरकोळ विक्रीच्या एकूण रकमेतही मोजलं गेलं, म्हणून 18 टक्के कराने 18,000 जास्त दिसले. विक्री एकदाच झाली, हे बिल, ग्राहकाचं खातं आणि बँकेत आलेली रक्कम दाखवून सांगता येतं. उरलेले 12,600 मात्र खरे देणे आहेत: डिसेंबर 2023 चं 70,000 चं बिल 3B मध्ये धरायचंच राहिलं. ते DRC-03 या स्वतःहून कर भरायच्या फॉर्मने भरायचे. व्याज 18 टक्क्यांनी, त्या महिन्याच्या रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून, म्हणजे 20 जानेवारी 2024 पासून. 30 जून 2025 ला भरले तर 527 दिवसांचे सुमारे 3,275 रुपये होतात. कर क्रेडिट लेजरमधून देता येतो, व्याज मात्र कॅश लेजरमधूनच जातं.

हा भाग आधी हातावेगळा करावा असं माझं ठाम मत आहे. GSTR-1 मध्ये दाखवलेला पण 3B मध्ये न भरलेला कर कलम 75(12) नुसार तुम्ही स्वतः कबूल केलेला कर मानला जातो, आणि त्याची वसुली मागणीची वेगळी नोटीस न काढताही करता येते.

आता क्रेडिटचे 48,000. त्यातले 26,000 मार्च 2023 च्या बिलाचे. बिल आदल्या वर्षाच्या 2B मध्ये दिसलं, माल एप्रिलमध्ये पोचला आणि क्रेडिट तेव्हाच घेतलं. माल हाती आल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही, त्यामुळे हा फरक योग्यच आहे. ट्रान्सपोर्टची पावती, ई-वे बिल आणि आवक नोंद जोडा, आणि आदल्या वर्षाच्या 2B मधली त्या बिलाची ओळ दाखवा. उरलेल्या 22,000 ची अडचण अशी की पुरवठादाराने GSTR-1 भरलंच नाही. बिल आहे, माल आला, पैसेही दिले, तरी 1 जानेवारी 2022 पासून कलम 16(2)(कक) नुसार पुरवठादाराने न कळवलेल्या बिलाचं क्रेडिट मिळत नाही. इथे बरेच जण पुरवठादाराचं "कर भरला आहे" असं प्रमाणपत्र जोडतात. ती सोय 2017-18 ते 31 डिसेंबर 2021 पर्यंतच्या काळासाठी होती. 2023-24 साठी ते चालत नाही, तेव्हा हे 22,000 परत करावेच लागतात.

व्याजाचा नियमही इथे वेगळा आहे. चुकीचं क्रेडिट घेतलं पण वापरलं नाही, तर व्याज लागत नाही. क्रेडिट लेजर उघडून त्या काळातली सर्वांत कमी शिल्लक बघा. ती कधीच 22,000 च्या खाली गेली नसेल, तर तसं लिहून लेजरची प्रत जोडा.

उत्तर ASMT-11 मध्ये, नोटिशीत दिलेल्या मुदतीत द्यायचं. ही मुदत साधारण 30 दिवसांपर्यंत असते आणि कारण देऊन वाढवून मागता येते. दोन्ही फरकांसाठी दोन वेगळे तक्ते करा: महिना, बिल क्रमांक, रक्कम, कारण, जोडलेला कागद. एका बाजूचा जास्तीचा आकडा दुसऱ्या बाजूतून वजा करू नका. अधिकाऱ्याचं समाधान झालं तर ASMT-12 मिळतं आणि प्रकरण तिथे थांबतं.

फरक ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा असेल, तर पोर्टलवरून आपोआप सूचना येते: विक्रीसाठी DRC-01B, क्रेडिटसाठी DRC-01C. तिथे हातात फक्त 7 दिवस असतात. त्यात पैसेही भरले नाहीत आणि उत्तरही दिलं नाही, तर पुढचं GSTR-1 अडतं, आणि मग तुमच्याकडून माल घेणाऱ्यांचं क्रेडिटही लटकतं.