उलटा अंक आणि उलटी संख्या: पहिलीची कृतिपत्रिका तपासताना

पहिलीच्या बेरजेच्या कृतिपत्रिकेवर ‘उलटे लिहिले’ हा शेरा दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी मारला जातो. एक मूल ‘५ + ७’ चे उत्तर १२ लिहिते, पण त्यातला २ आरशात दिसावा तसा काढते. दुसरे मूल त्याच बेरजेसाठी सुबक, वळणदार अक्षरात २१ लिहिते. घाईत तपासताना पहिले उत्तर डोळ्यांना खुपते, दुसरे नीटनेटके दिसते आणि सूट नेमकी चुकीच्या मुलाला मिळण्याचा संभव असतो.

आरशातला अंक ही आकाराची चूक आहे. कपाचा कान डावीकडे असो वा उजवीकडे, कप तोच, हे मुलाने आयुष्याच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत पक्के केलेले असते. दिशा बदलली की खूण बदलते, हा नियम फक्त लिपीत लागू होतो आणि तो अंगवळणी पडायला वेळ लागतो. त्यामुळे या वयात असे अंक येणे सर्वसामान्य आहे, आणि त्यावरून मुलाला बेरीज येत नाही असा निष्कर्ष निघत नाही. अशा उत्तराला पूर्ण गुण द्यावेत.

१२ च्या जागी २१ लिहिणे ही मात्र स्थानिक किमतीची चूक आहे, कारण कागदावर वेगळीच संख्या उमटलेली असते. तिचे एक कारण आपल्या संख्यानामांत आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दशकाचा २ आधी येतो. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल ५२ लिहून मोकळे होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा वाचनाचा पर्याय आला आणि त्यावर बराच गदारोळ झाला, त्यामागे हीच अडचण होती. कारण समजण्यासारखे असले, तरी या चुकीला उत्तर बरोबर असल्याची खूण देऊ नये. दहा चिंचोक्यांचा एक गट आणि दोन सुटे चिंचोके समोर मांडून गट कोणत्या घरात लिहायचा, ते पुन्हा करून घ्यावे.

खरी कसोटी देवनागरीतल्या ३ आणि ६ या जोडीपाशी लागते, कारण ३ आरशात पाहिला की जवळजवळ ६ दिसतो. ‘९ + ४’ पुढे मुलाने १६ लिहिले, तर ते उलटे काढलेले तेरा आहेत की चुकलेले सोळा, हे त्या एका चौकटीवरून ठरत नाही. अशा वेळी आधी त्याच पानावरचे त्याचे बाकीचे ३ आणि ६ पाहावेत. ‘२ + १’ पुढेही त्याने ६ सारखीच आकृती काढली असेल, तर दिशेचा घोळ असण्याची शक्यता मोठी. मग मुलाला जवळ बोलावून, काहीही न सुचवता, लिहिलेले वाचायला सांगावे. अमळनेरकडचे अहिराणी बोलणारे पोर ‘सर, तेरा शे ना!’ असे चटकन म्हणाले, तर गुण पूर्ण. ‘सोळा’ म्हणाले, तर चिंचोके मोजून बेरीज पुन्हा करून घ्यावी, कारण मोजण्यात चूक झालेली आहे. ‘हे तेरा आहेत ना?’ असे मात्र विचारू नये. पहिलीतले मूल गुरुजींना नाही म्हणत नाही आणि पडताळणी वाया जाते. ‘५ + ७’ पुढे २१ लिहिणारे मूल वाचताना ‘बारा’ म्हणाले, तर तोंडी उत्तर बरोबर, लेखन चूक, अशी वेगळी नोंद ठेवावी.

गचाळ अक्षर, चौकटीबाहेर गेलेला अंक, डुगडुगणारी रेघ यांसाठी गुण कापण्याचे कारण नाही. अपवाद एकच: उभ्या मांडणीत एककाचा अंक सरकून दशकाच्या घरात गेला, तर जागाच अर्थ बदलते, म्हणून तेथेही विचारून खात्री करावी. ‘अंक लिहा’ असाच प्रश्न असेल, तर तेथे आकार हेच उत्तर आहे आणि तेथे ही सूट लागू होत नाही.

सूट देणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. उत्तरावर बरोबरची खूण करून शेजारी पेन्सिलीने योग्य अंक काढावा, सुरुवातीच्या जागी ठिपका द्यावा आणि तेथून दोन-तीनदा गिरवून घ्यावा. लाल फुलीने मुलाला बेरीजच चुकली असे वाटते. दुसरी संपत आली तरी अंकांबरोबर अक्षरेही वारंवार उलटी येत असतील आणि वाचनही अडखळत असेल, तर पालकांशी बोलून विशेष शिक्षकांना दाखवावे.