फोन फुल्ल, तरी बड्सचा आवाज बारीक का?

बड्स परत घेऊन येणाऱ्यांची एक तक्रार आमच्या काउंटरवर ठरलेली असते: "फोनचा आवाज पूर्ण वर नेलाय, तरी काही ऐकू येत नाही. पीस खराब दिसतोय." आम्ही तेच बड्स दुसऱ्या फोनला जोडतो, तर खणखणीत वाजतात. पीस चांगला असतो, घोटाळा असतो तो आवाजाच्या दोन नळांचा.

घरात गच्चीवरच्या टाकीला एक व्हॉल्व्ह असतो आणि मोरीत एक नळ. व्हॉल्व्ह अर्धाच उघडा असेल तर मोरीतला नळ कितीही पिळा, धार बारीकच येणार. वायरच्या हेडफोनमध्ये नळ एकच असायचा, कारण आवाज मोठा करणारा अँप्लिफायर फोनच्या आत होता. ब्लूटूथ बड्समध्ये तो अँप्लिफायर बड्सच्या पोटात गेला. फोन गाणं आकड्यांच्या रूपात हवेतून पाठवतो, बड्स त्याचा आवाज करतात. त्यामुळे फोन पाठवतानाच ते आकडे लहान करू शकतो आणि बड्सही आपल्या बाजूने आवाज कमी करू शकतात. कानात पोचतो तो दोन्हींचा मिळून परिणाम.

ही भानगड मिटवायला ब्लूटूथमध्ये 'अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम' नावाची सोय आली. ती चालू असली की फोन आपला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवतो, म्हणजे गाणं आहे तसं, कमी न करता पाठवतो. सोबत बड्सना ० ते १२७ मधला एक आकडा कळवतो: "आवाज इतका ठेव." बड्सवर बोट दाबून तुम्ही आवाज बदललात, तर बड्स नवा आकडा फोनला कळवतात आणि स्क्रीनवरची पट्टीही सरकते. नळ एकच उरतो, तो फिरवायच्या जागा मात्र दोन. ही सोय फोन आणि बड्स दोघांनाही यावी लागते. बऱ्याच स्वस्त बड्समध्ये ती नसते किंवा नीट चालत नाही.

परवा एक ताई आल्या होत्या. पट्टी १५ पैकी १५ वर, आवाज मात्र कुजबुजल्यासारखा. फोनमध्ये अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम बंद निघाला. त्यांच्या मॉडेलमध्ये डावा बड दाबून धरला की आवाज कमी होतो आणि उजवा दाबून धरला की वाढतो. कानात बसवताना डावा दाबला जात होता, बड्स खाली खाली जात होते आणि फोनला त्याचा पत्ताच नव्हता. उजवा बड 'टुंग' वाजेपर्यंत दाबून धरला, काम झालं. पाच रुपयेसुद्धा घेतले नाहीत.

उलटी तक्रार रात्री ऐकणाऱ्यांची: पट्टी एका घरावर आणली तरी आवाज मोठाच, आणि त्याखाली एकदम शांत. पट्टीला १५ घरं असतील तर पहिल्या घराला बड्सकडे साधारण ८ हा आकडा जातो. काही बड्स तेवढ्यावरही जोरात वाजतात. अशा वेळी दोन नळ वेगळे केलेलेच बरे. अँड्रॉइड फोनमध्ये About phone मधल्या Build number वर सात वेळा टॅप करा (काही कंपन्यांच्या फोनमध्ये त्याऐवजी सॉफ्टवेअर व्हर्जनवर टॅप करावं लागतं). मग सेटिंग्जमध्ये Developer options दिसू लागेल, त्यात Disable absolute volume शोधा. नाव नीट वाचा: हे बटण *चालू* केलं की सोय *बंद* होते. इथे हमखास गोंधळ होतो. त्यानंतर बड्स डिस्कनेक्ट करून पुन्हा जोडा. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये असं बटण नाही.

एक गोष्ट मात्र नक्की पाळा. बटण बदलल्यावर बड्स लगेच कानात घालू नका. बड्सचा स्वतःचा नळ पूर्ण उघडा राहिला असेल तर पहिलं गाणं कानठळ्या बसवेल. आधी फोनची पट्टी खाली आणा, मग बड्स घाला.

नळ वेगळे झाल्यावर फोन १५ पैकी बारा-तेराच्या आसपास ठेवून बाकीचा आवाज बड्सवरूनच कमी-जास्त करावा असं आमचं मत. उलटं केलंत, म्हणजे फोन दोन-तीनवर आणि बड्स फुल्ल, तर फोन आधीच गाणं दाबून टाकतो आणि बड्समधली 'स्स्स' खरखर पुढे येते. अगदी हळू ऐकायचं असेल तेव्हा मात्र बड्स सगळ्यात खाली नेऊन फोनही खाली आणावा लागतो, त्याला इलाज नाही.

फोन आला की आवाज वेगळाच येतो, त्याचं कारण निराळं आहे. कॉलचा आवाज ब्लूटूथच्या दुसऱ्या मार्गाने जातो आणि त्याची पट्टीही वेगळी असते. त्यामुळे कॉल चालू असतानाच बटण दाबून तो लावून घ्या. गाण्याची पट्टी वर-खाली करून कॉलला फरक पडणार नाही.

एवढं करूनही आवाज बारीकच असेल तर बडच्या जाळीत मळ साचला आहे का ते पाहा. एकाच कानाला कमी येत असेल तर बहुतेक वेळा तेच निघतं. तेही नसेल तर दुकानात या. येताना बड्स, त्यांची डबी आणि ज्या फोनवर त्रास होतो तो फोन, तिन्ही आणा. नुसते बड्स आणलेत तर आमच्या फोनवर ते चांगलेच वाजतील आणि तुमची फेरी फुकट जाईल.