त्रिकोणाच्या टोकावरचा प्रभार कुठे ढकलला जातो?

माझी भाची अकरावीत आहे. रविवारी सदाशिव पेठेत आमच्याकडे आली, की जेवणाआधी एखादं गणित माझ्यापुढे ठेवते. परवाचं असं होतं: ३० सेंटिमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणाच्या तिन्ही टोकांवर प्रत्येकी १ मायक्रोकूलोमचा धन प्रभार आहे, तर वरच्या टोकावरच्या प्रभारावर एकूण बल किती? तिचं उत्तर तयार होतं. "एकेकाचं बल ०.१ न्यूटन, म्हणून दोघांचं ०.२. बरोबर ना, मामा?"

पहिला भाग अगदी बरोबर. कूलोमच्या नियमाप्रमाणे दोन प्रभारांचा गुणाकार करायचा, अंतराच्या वर्गाने भागायचं आणि ९ × १०⁹ ने गुणायचं, की ०.१ न्यूटन येतं. साधारण दहा ग्रॅम वजनाइतकं. चूक झाली ती बेरजेत.

"अगं, सकाळी मंडईतून भाजीची पिशवी दोघांनी मिळून आणलीत, आठवतं?" मी विचारलं. एक बंद आईच्या हातात, एक हिच्या. दोघी खेटून चालल्या तर दहा किलोच्या पिशवीचे पाच-पाच किलो वाटून येतात. पण रस्त्यात स्कूटर उभी असते, दोघी तिच्या दोन बाजूंनी जातात, बंद ताणले जातात आणि पिशवी एकदम जड वाटते. प्रत्येकीच्या ओढीचा काही भाग आता आडवा असतो. आईची आडवी ओढ आणि मुलीची आडवी ओढ एकमेकींना खाऊन टाकतात; पिशवी उचलायला उरते ती फक्त उभी ओढ.

त्रिकोणातही हेच घडतं. खाली डावीकडचा प्रभार वरच्याला उजवीकडे-वर ढकलतो, उजवीकडचा डावीकडे-वर. दोन्ही बाण आडव्या रेषेशी ६० अंशांचा, म्हणजे उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करतात. प्रत्येकाचा आडवा घटक ०.०५ न्यूटन, एक उजवीकडे, एक डावीकडे, हिशेब शून्य. उभा घटक ०.१ गुणिले cos ३०°, म्हणजे ०.०८६६. दोघांचे मिळून ०.१७३ न्यूटन, सरळ वर. इथे पुष्कळ मुलं cos ६०° घेतात, कारण त्रिकोणात ६० अंशच डोळ्यांसमोर असतात. मग उत्तर ०.१ येतं आणि ते दिसतंही शहाण्यासारखं, म्हणून चूक पकडली जात नाही. कोन कुठल्या रेषेपासून मोजला, ते आकृतीत लिहिलं की ही फसगत टळते.

खरं तर दिशा कळायला घटकांचीही गरज नव्हती. आकृतीच्या मधोमध उभा आरसा धरा. डावा प्रभार उजवीकडे दिसेल, उजवा डावीकडे, पण दोन्ही सारखेच असल्याने मांडणी होती तशीच राहील. एकूण बल जरासं उजवीकडे झुकलेलं असतं, तर आरशात ते डावीकडे झुकलेलं दिसलं असतं. एकाच मांडणीची दोन उत्तरं कशी असतील? म्हणून बल सरळ उभंच.

"आणि उजवीकडचा ऋण केला तर?" तिने विचारलं. मला हा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. डावा प्रभार पूर्वीसारखाच उजवीकडे-वर ढकलतो, पण उजवा आता वरच्याला आपल्याकडे, म्हणजे उजवीकडे-खाली ओढतो. या वेळी उभे घटक एकमेकांना खातात आणि आडवे जुळतात: ०.०५ अधिक ०.०५, म्हणजे ०.१ न्यूटन, पायाला समांतर, ऋण प्रभाराच्या बाजूला. दोघांनी जोर लावला आणि फळ मिळालं एकाच्या जोराइतकं! इथे मात्र सूत्रात ऋण चिन्ह घालायचं आणि वर बाणाची दिशाही उलटवायची, असं दुहेरी काम करू नये. बाण पुन्हा मूळ जागी येतो. आकडा चिन्हाशिवाय काढावा आणि दिशा आकृतीवरून ठरवावी.

सममिती मोडली की मात्र सुटका नाही. उजवा धनच ठेवून दुप्पट केला, तर आडवे घटक ०.०५ आणि ०.१, डावीकडे ०.०५ उरतात. उभे मिळून ०.२६. पायथागोरसने एकूण बल सुमारे ०.२६५ न्यूटन आणि उभ्या रेषेपासून डावीकडे ११ अंशांचा कल.

जेवताना तिने थर्माकोलच्या गोळ्या घेऊन हा प्रयोग करायचं ठरवलं. मला तिथे थांबवावं लागलं. १ मायक्रोकूलोम कागदावर चिमूटभर वाटतो, पण हवेत तो धरून ठेवायला गोळा निदान साडेपाच सेंटिमीटर त्रिज्येचा हवा, नाहीतर आजूबाजूची हवाच वीज वाहू देते आणि प्रभार निसटतो. एवढे मोठे गोळे ३० सेंटिमीटरवर ठेवले, तर त्यांना बिंदू कसं म्हणायचं? धातूचे असतील तर त्यांच्यावरचा प्रभार एकमेकांपासून दूर सरकतो आणि बल आपल्या आकड्याहून थोडं कमी भरतं. लहान गोळीवर नॅनोकूलोमच्या घरातला प्रभार ठेवता येतो, पण तिन्ही प्रभार हजारपट कमी केले की बल दहा लाख पटींनी घटतं. ते दिसायला गोळ्या अगदी जवळ आणाव्या लागतील, आणि पुण्याच्या जुलैतल्या दमट हवेत तर त्यांच्यावरचा प्रभारही टिकायचा नाही. प्रयोग जानेवारीवर ढकलला आहे.