सोमवारचा येणेबाकी रिपोर्ट : आमच्याकडे काम देण्याआधी साहेबांची परवानगी कशी मागाल

‘एका क्लिकमध्ये होईल ना हो?’ असं विचारत आमच्याकडे दर महिन्याला चार-पाच अकाउंट्सवाले येतात. होतं. शाखांकडून आलेल्या सीएसव्ही फाइल एका फोल्डरमध्ये टाकायच्या, एक्सेलमध्ये `Refresh All` दाबायचं, की पॉवर क्वेरी ग्राहकवार बाकी ०-३०, ३१-६०, ६१-९० आणि ९० दिवसांच्या वर अशी मांडून देते.

अडतं ते साहेबांपाशी. बरेच जण त्यांना न विचारताच फाइल पाठवून देतात. रिपोर्ट अर्धा झाल्यावर साहेबांच्या कानावर जातं, ‘आपल्या ग्राहकांची यादी बाहेर कशी गेली?’ असा सवाल येतो आणि काम बंद. म्हणून लेखी परवानगी हातात आल्याशिवाय आम्ही फाइल उघडत नाही. काहींना हा आमचा ताठा वाटतो. वाटू दे.

परवानगीच्या अर्जात सगळे एकच लिहितात : ‘माझे तीन तास वाचतील.’ साहेबांना तुमच्या तीन तासांपेक्षा आकडा चुकला तर उत्तर कोण देणार याची काळजी जास्त असते. तेव्हा धोका त्यांनी विचारण्याआधी तुम्हीच लिहा.

आणि धोका खरा आहे. शाखेच्या फाइलमध्ये बिलाची तारीख 03-07-2025 आहे, म्हणजे ३ जुलै. तुमच्या एक्सेलची सेटिंग अमेरिकन असेल तर ती ७ मार्च म्हणून वाचली जाते. सोमवार, १४ जुलैच्या रिपोर्टमध्ये हे ११ दिवसांचं बिल १२९ दिवसांचं होऊन ९०च्या वरच्या रकान्यात बसतं आणि चांगल्या गिऱ्हाइकाला तगाद्याचा फोन जातो. १३ तारखेपासून पुढच्या बिलांना `Error` दिसतो, कारण तेरावा महिना नसतो. १ ते १२ तारखांची बिलं मात्र गुपचूप उलटतात. त्यातली गंमत अशी, की एकूण बेरीज टॅलीशी तंतोतंत जुळते! रक्कम तीच, फक्त रकाना चुकलेला. त्यामुळे ‘टोटल जुळली’ म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकू नका. आम्ही तारखेच्या रकान्याला `Using Locale` मधून `English (India)` लावून देतो, तरी दर शाखेतलं १२ तारखेच्या आतलं एक बिल हाताने मोजून बघायला सांगतोच.

बेरीज बिघडते ती दुसऱ्या चुकीने : मागच्या सोमवारची फाइल फोल्डरमध्ये राहिली की बाकी दोनदा धरली जाते. ही टॅलीशी ताडून लगेच सापडते. शाखेने रकान्याचं नाव बदललं, तर `Expression.Error: The column 'Bill Date' of the table wasn't found.` असं येऊन रिपोर्ट थांबतो. थांबला तर बरंच, निदान कळतं तरी.

अर्ज साधारण असा लिहा, आकडे तुमचे घाला :

‘मा. साहेब,
दर सोमवारचा येणेबाकी रिपोर्ट हाताने करायला मला तीन तास लागतात आणि तो आपल्याला साडेबाराला मिळतो. पॉवर क्वेरीने केल्यास तपासणी धरून पाऊण तास लागेल. वसुलीचे फोन सकाळीच लावता येतील. यात तारीख उलटी वाचली जाणे, जुनी फाइल दोनदा धरली जाणे आणि मी रजेवर असल्यास काम अडणे, हे धोके आहेत. त्यासाठी दर वेळी एकूण बाकी टॅलीतल्या संड्री डेटर्सशी जुळवीन, प्रत्येक शाखेचे एक बिल हाताने तपासीन आणि आणखी एका सहकाऱ्याला हे काम शिकवीन. चार आठवडे दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी काढू. तोवर आपण हाताने केलेलाच रिपोर्ट खरा धरावा. बाहेरच्यांना खरा डेटा देणार नाही. नावे आणि रकमा बदललेल्या पन्नास ओळीच देईन. एवढ्यापुरती परवानगी असावी.’

‘पाऊण तास’ मुद्दाम लिहिलंय. ‘पाच मिनिटांत होतं’ असं लिहिलंत, तर साहेब पुढच्या सोमवारी पाच मिनिटांत मागतील आणि तपासणीच पहिली गळेल. मॅक्रोचा उल्लेखही नको. आमच्या कामात मॅक्रो नसतो, फाइल साधी `.xlsx` असते, आणि मॅक्रो म्हटलं की आयटीवाले हमखास नाही म्हणतात.

चार आठवडे कशाला, दोन पुरेत, असा आग्रह होतो. पण महिनाअखेरीची घाई, क्रेडिट नोटा आणि आगाऊ आलेल्या रकमा चार आठवड्यांत एकदा तरी येऊन जातात, आणि रिपोर्ट तिथेच घसरतो. तोवर आम्हीही निम्मेच पैसे घेतो. उरलेले चारही सोमवार जुळल्यावर.

येताना सही झालेला अर्ज, त्या पन्नास ओळी आणि मागच्या सोमवारी हाताने केलेल्या रिपोर्टचा नावं झाकलेला प्रिंट आणा. पहिल्या बैठकीचे पैसे घेत नाही.