शोकपत्र आणि दवाखान्याची फाईल : नाजूक शब्दांचा अनुवाद आम्ही कसा करतो

जळगावातील आमच्या अनुवाद कार्यालयाकडे येणाऱ्या कागदांत शोकपत्रे आणि दवाखान्याच्या फायली पुष्कळ असतात. सुरतेला स्थायिक झालेल्या नातेवाइकांसाठी गुजराती, बऱ्हाणपूरच्या सोयऱ्यांसाठी हिंदी आणि परदेशातील मुलाच्या कंपनीसाठी इंग्रजी, अशी एकच बातमी अनेकदा तीन भाषांत कळवावी लागते. अशा मजकुरात आम्ही शब्द कसे निवडतो आणि त्यासाठी आपल्याला काही प्रश्न का विचारतो, हे येथे सांगत आहोत.

समजा, अमळनेरच्या एका कुटुंबाने लिहून दिले आहे : ‘आमच्या वडिलांना देवाज्ञा झाली.’ या वाक्यात मरणाचे नावही नाही. जे घडले ते देवाच्या इच्छेने घडले, एवढेच त्यातून समजते. हिंदीत ‘देवाज्ञा हुई’ असे लिहिल्यास वाचणारा अडखळतो, म्हणून आम्ही ‘स्वर्गवास हो गया’ असे लिहितो. गुजरातीत ‘देवलोक पाम्या’ हा प्रयोग तेच काम करतो. मूळ मजकुरात ‘वडील वारले’ असे घरगुती बोलणे असेल, तर मात्र हिंदीत ‘गुजर गए’ अधिक जवळचे ठरते, कारण ‘वारले’ हा शब्द सौम्य असला तरी छापील नाही.

इंग्रजीत आम्ही ‘पास्ड अवे’ लिहितो. पुष्कळ ग्राहक त्याऐवजी ‘एक्स्पायर्ड’ हा शब्द सुचवतात, कारण आपल्याकडील दवाखान्यांच्या कागदांवर तोच दिसतो आणि ऐकायला आदराचा वाटतो. परदेशातील सामान्य वाचकाला मात्र त्यावरून औषधाची किंवा कार्डाची मुदत संपल्याचे आठवते, त्यामुळे कुटुंबाच्या पत्रात तो आम्ही टाळतो. याउलट ‘डाइड’ हा शब्द पाहून काही ग्राहक दुखावतात; पण इंग्रजीत तो आपल्या ‘मेले’इतका रांगडा नाही आणि कंपनीला पाठवायच्या रजेच्या अर्जात तो खटकत नाही.

इंग्रजीतून मराठीत येताना अडचण अधिक मोठी असते. ‘लेट’ हा एकच शब्द सर्वांना चालतो, पण मराठीत तसा सर्वांचा शब्द सहज मिळत नाही. हिंदू कुटुंबात ‘कै.’ लिहितात, वारकरी घरात ‘वैकुंठवासी’ म्हणतात, बौद्ध कुटुंबात ‘कालकथित’, मुस्लिम कुटुंबात ‘पैगंबरवासी’ आणि ख्रिस्ती कुटुंबात ‘ख्रिस्तवासी’ हे शब्द रूढ आहेत. बौद्ध गृहस्थाच्या नावामागे ‘कै.’ छापले गेले, तर हेतू आदराचा असूनही घरच्यांना ते लागते. आडनावावरून अंदाज बांधणे आम्हाला मान्य नाही; म्हणून आम्ही दूरध्वनी करून विचारतो, आणि उत्तर मिळू शकत नसेल तेव्हाच ‘दिवंगत’ लिहितो.

मृत्यूचा दाखला, विम्याचा दावा आणि वारसाचे अर्ज यांत मात्र आम्ही ‘मृत्यू’ असाच शब्द ठेवतो. तेथे सौम्यतेपेक्षा नेमकेपणा आवश्यक आहे.

आजाराच्या कागदांत हा तोल सांभाळणे अधिक कठीण जाते, कारण आपल्याकडील आजीबाई किंवा लेकी-सुना शरीराविषयी बोलताना ‘अंगावर’ या एका शब्दावर बरेच काही सोपवतात. ‘अंगावर पांढरे जाते’ म्हणजे पांढरा स्राव होतो, ‘अंगावरून जास्त जाते’ म्हणजे रक्तस्राव अधिक होतो, ‘मूल अंगावर पिते’ म्हणजे बाळ आईचे दूध पिते आणि ‘दुखणे अंगावर काढले’ म्हणजे उपचार घेतलेच नाहीत. हे अर्थ एकमेकांत मिसळले, तर सुरतेच्या डॉक्टरांना वेगळाच आजार समजू शकतो. गुजरातीत ‘सफेद पाणी पडवुं’ आणि हिंदीत ‘सफेद पानी आना’ हे पहिल्या प्रयोगाला तितकेच संकोच राखणारे पर्याय आहेत, म्हणून रुग्णाला वाचून दाखवायच्या कागदावर आम्ही तेच वापरतो. डॉक्टरांच्या प्रतीत वैद्यकीय शब्द लिहितो. ‘कावळा शिवला’ किंवा ‘बाहेर बसली’ या प्रयोगांच्या जागी ‘मासिक पाळी’ लिहितो, कारण त्यांतील विटाळाची सूचना दुसऱ्या भाषेत नेण्याचे कारण नाही. ‘परसाकडे’ऐवजी ‘शौचास’ लिहिल्याने मात्र कोणाला संकोच वाटत नाही आणि अर्थही सुटत नाही.

म्हणून फाईल देताना, रुग्णाने घरी अहिराणीत किंवा मराठीत जसे सांगितले तसेच शब्द एका कागदावर लिहून द्यावेत, आणि शोकपत्रासोबत आपल्या घरी मृत व्यक्तीच्या नावाआधी काय लावतात ते कळवावे. छपाईपूर्वी कच्ची प्रत आपल्याकडे येईल. ती घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावी आणि ज्या शब्दावर त्या थांबतील त्याखाली रेघ ओढून प्रत परत पाठवावी.