सात महिने की पावणेपाच?

"बाळ सात महिन्यांचं झालं गं, अजून बसत नाही," मैत्रीण फोनवर रडवेल्या आवाजात म्हणाली. बाळ अपुऱ्या दिवसांचं, हे मला ठाऊक होतं. म्हणून दवाखान्यातून घरी सोडताना मिळालेला कागद काढायला सांगून विचारलं, जन्माच्या वेळचं गर्भवय किती लिहिलंय? तिने वाचलं: 29+4. म्हणजे 29 आठवडे 4 दिवस.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं, तर पूर्ण गर्भारपण 40 आठवड्यांचं, म्हणजे 280 दिवसांचं धरतात. 37 आठवड्यांच्या आत जन्मलं की बाळ अपुऱ्या दिवसांचं. त्यामुळे बाळ किती आधी आलं हे काढताना पुष्कळ जण 37 मधूनच वजाबाकी करतात आणि तीन आठवड्यांनी चुकतात. 37 ही फक्त व्याख्येतली रेघ आहे, वजाबाकी 40 मधूनच करायची. 40 मधून 29 आठवडे 4 दिवस गेले की उरतात 10 आठवडे 3 दिवस, म्हणजे 73 दिवस. एवढे दिवस बाळ आधी आलं.

बाळाचा जन्म 12 मार्चचा. त्यात 73 दिवस मिळवले की 24 मे येतो. हीच डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची तारीख. बाळ वेळेवर आलं असतं तर आज जेवढं असतं ते त्याचं सुधारित वय. ते मोजायला याच दिवसाला शून्य धरायचं आणि पुढे कॅलेंडर उलटत जायचं. मैत्रिणीचा फोन आला 15 ऑक्टोबरला. 24 सप्टेंबरला चार महिने झाले, वर 21 दिवस. म्हणजे बाळ जन्मतारखेने 7 महिने 3 दिवसांचं असलं, तरी सुधारित वय पावणेपाच महिन्यांच्याही थोडं आतच.

आठवड्यांनी मोजलं तरी उत्तर तेच यायला हवं. 15 ऑक्टोबरला जन्माला 31 आठवडे झाले होते. त्यातून 10 आठवडे 3 दिवस वजा केले की 20 आठवडे 4 दिवस उरतात. घोटाळा होतो तो यांचे महिने करताना. चार आठवड्यांचा महिना धरून भागाकार केला की पाच महिन्यांच्या वर आकडा जातो. चार आठवडे म्हणजे 28 दिवस, महिना मात्र सरासरी साडेतीस दिवसांचा. दर महिन्याला दोन-अडीच दिवस निसटतात. म्हणून वजाबाकी आठवडे-दिवसांत करावी आणि महिने कॅलेंडरवर मोजावेत.

'सातव्या महिन्यात झालं' एवढ्यावर हा हिशेब होत नाही. सातवा लागला होता की संपला होता, यात चार आठवड्यांचा फरक पडतो. याच ढोबळ मोजणीतून 'सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही' ही समजूत आजवर टिकली. प्राचीन ग्रीक वैद्यकातही ती होती आणि ती साफ चूक आहे. पोटात काढलेल्या दर आठवड्यागणिक बाळ जगण्याची शक्यता वाढतच जाते.

पण जन्मतारीख सोडून प्रसूतीची तारीख का धरायची? मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती बाळाचं हसू. पूर्ण दिवसांचं बाळ साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात आपल्या चेहऱ्याकडे बघून हसतं. दहा आठवडे आधी आलेल्या बाळाला माणसांचे चेहरे दहा आठवडे जास्त बघायला मिळतात, तरी ते आधी हसत नाही. तेही प्रसूतीच्या तारखेनंतर साधारण तेवढ्याच आठवड्यांनी हसतं. मेंदूतल्या मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण चढत जातं आणि संदेश वेगाने धावू लागतात. हे काम गर्भधारणेपासूनच्या काळाप्रमाणे पुढे सरकतं, जन्म लवकर झाला म्हणून घाई करत नाही. मान सावरणं आणि बसणं यांचंही बरंचसं तसंच.

लसींचं मात्र तसं नाही. लस टोचल्यावर शरीर प्रतिसाद देतं, आणि या बाळांना संसर्गाचा धोकाही जास्त असतो. म्हणून लसी साधारणपणे जन्मतारखेच्याच हिशेबाने देतात. तिथे 73 दिवस थांबणं नुकसानीचं.

मैत्रिणीचं बाळ पालथं पडून कोपरांवर छाती उचलत होतं, खुळखुळ्याकडे हात नेत होतं. पावणेपाच महिन्यांना हे ठीकच. आधाराशिवाय बसणं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात सरासरी सहाव्या महिन्यात आढळलं, आणि निरोगी मुलांतही ते साधारण चौथ्या ते नवव्या महिन्यापर्यंत पसरलेलं होतं.

तरी मी तिला दोन गोष्टी बघायला सांगितल्या. बाळ एकच हात वापरत असेल आणि दुसऱ्याची मूठ कायम आवळलेली असेल, किंवा आधी जमत असलेली गोष्ट बंद झाली असेल, तर कुठल्याही वजाबाकीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवायचं. सुधारित वयाने या खुणांचा खुलासा होत नाही.

हा हिशेब सहसा दोन वर्षांपर्यंत करतात. आज 73 दिवस म्हणजे या बाळाच्या वयाचा तिसरा हिस्सा आहे, दोन वर्षांचं झाल्यावर तो दहावा हिस्सा असेल.